नव्वद अंशांवर चार तास: झिंक ऑक्साइड नॅनोरॉडच्या एका कार्यपद्धतीची उलटतपासणी

पदव्युत्तर प्रकल्पाच्या अहवालातला ‘कार्यपद्धती’ हा विभाग माझ्याकडे तपासायला आला, तेव्हा नमुने तयार होते आणि मोजमापं व्हायची होती. क्ष-किरण विवर्तनाची, म्हणजे एक्सआरडीची वेळ मिळाली होती, एसईएम या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची मागितली होती, नमुन्यातून आरपार पाहणाऱ्या टीईएमचं नक्की नव्हतं. विद्यार्थिनीने संश्लेषणाचा मजकूर असा लिहिला होता:

“काचपट्टीवर झिंक ॲसिटेटचा बीजथर देण्यात आला. २५ मिलिमोलार झिंक नायट्रेट व २५ मिलिमोलार एचएमटीए यांची द्रावणे समप्रमाणात मिसळून ऑटोक्लेव्हमध्ये ९० °से. तापमानाला ४ तास ठेवण्यात आली. नंतर नमुना धुऊन वाळवण्यात आला. एक्सआरडी व एसईएमद्वारे नॅनोरॉड तयार झाल्याची खात्री केली जाईल.”

वाचायला काहीच खटकत नाही. छापील शोधनिबंधांतही इतकंच लिहिलेलं असतं. पण यावरून दुसऱ्या कोणी नमुना केला, तर त्याच्या काचेवर हेच रॉड उगवतील असं सांगता येत नाही. शिवाय मोजमापात काही विचित्र दिसलं, तर त्याचं कारण शोधायला या चार ओळींत काहीच धागा नाही. म्हणून आम्ही प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारत गेलो: उद्या आलेखात किंवा चित्रात अमुक दिसलं, तर त्याचं उत्तर या ओळीत सापडेल का?

समप्रमाणात म्हणजे नेमकं किती

पहिली अडचण साध्या हिशोबाची. २५ मिलिमोलारची दोन द्रावणं समान आकारमानाने मिसळली, की दोन्ही घटक १२.५ मिलिमोलार होतात. मसुद्यातला २५ हा आकडा मिसळण्याआधीचा की नंतरचा? विचारल्यावर कळलं, नंतरचा. वहीत नोंद बरोबर होती: मूळ द्रावणं प्रत्येकी ५० मिलिमोलार, ५० मिली अधिक ५० मिली. अहवालात उतरवताना मधली पायरी गळाली होती.

दुसरी गोष्ट ‘झिंक नायट्रेट’ या नावाची. बाटलीवर हेक्साहायड्रेट होतं, Zn(NO3)2·6H2O, रेणुभार २९७.४९. ५० मिलिमोलारच्या ५० मिली द्रावणाला २.५ मिलिमोल, म्हणजे ०.७४४ ग्रॅम लागतं. ‘०.७४४ ग्रॅम झिंक नायट्रेट’ एवढंच वाचून कोणी टेट्राहायड्रेट वापरलं (रेणुभार २६१.४५), तर त्याच्या अंतिम द्रावणात झिंक २५ ऐवजी साडेअठ्ठावीस मिलिमोलार होईल. शिवाय हेक्साहायड्रेट ओल धरतं. बाटली बराच काळ उघडझाप झालेली असेल आणि खडे ओलसर चिकट दिसत असतील, तर वजनात पाणी जास्त येतं आणि झिंक कमी पडतं. त्यामुळे रसायनाचं पूर्ण नाव, शुद्धता आणि वजन या तिन्ही गोष्टी लिहायच्या. एचएमटीए, म्हणजे हेक्सामिथिलीनटेट्रामाइन, रेणुभार १४०.१९, तितक्याच मिलिमोलसाठी ०.३५० ग्रॅम.

एचएमटीएचं काम काय, हे कार्यपद्धतीत एका वाक्यात यावं असं माझं मत आहे. सगळे परीक्षक त्याच्याशी सहमत होणार नाहीत, पण तापमानाचा पुढचा सगळा घोळ त्याच्याशी निगडित आहे. थंड द्रावणात एचएमटीए जवळजवळ गप्प असतो. तापवल्यावर तो पाण्याशी हळूहळू विघटित होऊन फॉर्माल्डिहाइड आणि अमोनिया देतो. अमोनियामुळे द्रावणात हायड्रॉक्साइड येतं आणि त्यातून झिंक ऑक्साइड घडतं. आम्ल-अल्कलीचा हा नळ किती उघडायचा, ते तापमान ठरवतं. म्हणून मिसळलेलं द्रावण खोलीच्या तापमानाला स्वच्छ दिसायला हवं. मिसळताक्षणी ते दुधाळ झालं, तर अल्कली दुसरीकडून कुठून तरी आलेली आहे. भांडं नीट धुतलेलं नव्हतं किंवा द्रावण शिळं होतं. ‘मिसळल्यावर द्रावण स्वच्छ होते, सामू अमुक’ एवढी नोंद पुरे असते, पण तीच नेमकी राहून जाते.

नव्वद अंश कोणाचे?

सगळ्यात जास्त वेळ या वाक्यावर गेला. ९० °से. हा ओव्हनच्या पटलावरचा आकडा होता. आत जाड पोलादाचा ऑटोक्लेव्ह, त्याच्या आत टेफ्लॉनचा लायनर आणि त्याच्या आत ७० मिली द्रावण. टेफ्लॉन उष्णतेचा मंद वाहक आहे आणि पोलाद स्वतः तापायलाच भरपूर उष्णता घेतं. ओव्हन पाच मिनिटांत ९० दाखवत असला, तरी द्रावण तिथे पोचलेलं नसतं.

“सर, पण वेळ तर चारच तास दिला होता.”

“दिला ओव्हनला. द्रावणाला किती मिळाला ते बघू.”

९० °से.ला पाण्याच्या वाफेचा दाब सुमारे ७० किलोपास्कल असतो, म्हणजे वातावरणाच्या दाबापेक्षाही कमी. त्यामुळे या तापमानाला ऑटोक्लेव्हमध्ये स्फोटक दाब तयार होत नाही आणि कोऱ्या पाण्यावर चाचणी घेणं सोपं आहे. तोच लायनर, त्यात ७० मिली पाणी, तोच पोलादी डबा, फक्त वरची पोलादी टोपी नाही. जुन्या टेफ्लॉन झाकणाला बारीक भोक पाडून त्यातून थर्मोकपल पाण्यात सोडला. पाणी ८५ °से.ला पोचायला साधारण सव्वा तास लागला. म्हणजे ‘चार तासां’पैकी वाढीच्या तापमानाजवळचा काळ पावणेतीन तासांच्या आसपास होता. टोपी लावल्यावर पोलाद आणखी वाढतं, तेव्हा प्रत्यक्षात थोडा उशीरच झाला असणार. हीच कृती कोणी पातळ काचेच्या बाटलीत केली, तर त्याचं द्रावण बरंच लवकर तापेल आणि त्याच चार तासांत त्याचे रॉड वेगळ्या लांबीचे निघतील.

यातून शब्दाचा एक उपप्रश्न निघतो. १०० °से.च्या खाली, दाब नसताना, याला हायड्रोथर्मल म्हणायचं का? या क्षेत्रात सर्रास म्हणतात. काटेकोर परीक्षक त्याला रासायनिक अवगाह निक्षेपण म्हणेल. मी शीर्षकातलं नाव बदलायला लावलं नाही, पण ‘बंद भांड्यात, स्वयंजनित दाबाखाली’ हा घासून गुळगुळीत झालेला शब्दप्रयोग काढायला लावला. त्या तापमानाला सांगण्यासारखा दाबच नाही. १८० °से.च्या कृतीत तो सुमारे १ मेगापास्कल असतो, तिथे तो शब्द शोभतो, आणि तिथे लायनर किती भरला हे सुरक्षिततेसाठीही लिहावं लागतं. इथे १०० मिलीच्या लायनरमध्ये ७० मिली भरल्याचं आम्ही लिहिलं, पण ते तापण्याच्या वेगाशी निगडित म्हणून.

शेवटही तितकाच महत्त्वाचा. मसुद्यात ‘नंतर’ हा एकच शब्द होता. ऑटोक्लेव्ह बंद ओव्हनमध्येच रात्रभर थंड होऊ दिला, तर रॉड गरम द्रावणात आणखी काही तास राहतात. बाहेर काढून हवेत थंड केला, तर हा काळ आटोपशीर राहतो. वहीत दुसरा प्रकार होता. आम्ही लिहिलं: ओव्हनमधून काढून धातूच्या जाळीवर हवेत थंड केला, हाताला कोमट लागल्यावर धूर-कपाटात उघडला. फॉर्माल्डिहाइडची वाफ नाकात जाऊ नये म्हणून धूर-कपाट.

काच कशी ठेवली होती?

मसुद्यात नसलेली आणि वहीतही नसलेली गोष्ट ही. विद्यार्थिनीला आठवत होतं: लायनरच्या भिंतीला तिरकी टेकवून, बीजथर खाली. हे योगायोगाने बरोबर झालेलं नव्हतं. वरिष्ठ विद्यार्थ्याने तसं सांगितलं होतं. पण सांगणाऱ्याने कारण सांगितलं नव्हतं, म्हणून ते लिहिण्यासारखं आहे असंही कोणाला वाटलं नाही.

कारण हिशोबातून लगेच दिसतं. ७० मिली द्रावणात २५ मिलिमोलारने १.७५ मिलिमोल झिंक आहे. त्याचं सगळं झिंक ऑक्साइड झालं, तर सुमारे १४२ मिलिग्रॅम होईल. आता काचेचा विचार करा. अडीच चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर एक मायक्रॉन जाडीचा, मध्ये पोकळी नसलेला थर धरला, तरी ५.६ ग्रॅम प्रति घन सेंमी घनतेने तो जेमतेम १.४ मिलिग्रॅम भरतो. म्हणजे काचेवर जाऊ शकतं ते झिंक शंभरातलं एक. बाकीचं विरघळलेलं राहतं किंवा द्रावणातच दाणे धरून पांढऱ्या भुकटीच्या रूपाने खाली बसतं. काच तोंड वर करून ठेवली, तर ही भुकटी रॉडांवर पडते आणि एसईएममध्ये उभ्या रॉडांवर आडवेतिडवे जाड दांडे आणि फुलांसारखे झुपके दिसतात. ते पाहून ‘मिश्र रचना मिळाली’ असा निष्कर्ष काढणारे अहवाल मी वाचले आहेत.

म्हणून काचेची जागा लिहायचीच, आणि तळाची भुकटीही टाकून द्यायची नाही. ती धुऊन, ६० °से.ला वाळवून वेगळ्या कुपीत ठेवायची. पुढे तिचा उपयोग आहे.

बीजथराबद्दल मसुद्यात फक्त नाव होतं. प्रत्यक्षात तिने झिंक ॲसिटेट डायहायड्रेटचं ५ मिलिमोलार द्रावण निर्जल इथेनॉलमध्ये केलं होतं, ५० मिलीसाठी ०.०५५ ग्रॅम. काचेवर थेंब पसरायचा, दहा सेकंद थांबायचं, इथेनॉलने धुवायचं, फुंकून वाळवायचं, हे पाच वेळा, आणि मग ३५० °से.ला वीस मिनिटं भाजायचं. हीच फेरी पुन्हा एकदा. यातलं धुणं सुटलं, तर ॲसिटेटचे जाड ठिपके राहतात आणि त्या जागी रॉडांची दाटी वेगळी दिसते.

आता तपासण्या: ‘खात्री केली जाईल’ हे वाक्य काढलं

नियोजित तपासणीच्या भागात बहुतेकांची चूक काळाची असते. केलेलं आणि करायचं एकाच वाक्यात मिसळतं. पण इथे त्याहून मोठी अडचण होती. ‘नॅनोरॉड तयार झाल्याची खात्री’ या शब्दांत उत्तर आधीच ठरलेलं आहे. काय दिसलं तर नॅनोरॉड नाहीत असं आपण मानू, हे कुठेच नाही. म्हणून प्रत्येक उपकरणासाठी आम्ही आधी लिहिलं की त्यातून काय ठरणार आहे आणि काय ठरणार नाही.

एक्सआरडीपासून सुरुवात. तिने ३० ते ७० अंश असा पल्ला मागितला होता, कारण तांब्याच्या किरणांना (तरंगलांबी ०.१५४०६ नॅनोमीटर) झिंक ऑक्साइडच्या मुख्य रेषा ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशांना येतात. हव्या त्या रेषा या पल्ल्यात सगळ्या सापडतात. नको त्या मात्र सापडत नाहीत. या कृतीत अपुरी वाढ झाली, तर राहणारं संयुग म्हणजे थरांचं झिंक हायड्रॉक्साइड नायट्रेट, आणि त्याची ठळक रेषा ९ अंशांच्या आसपास असते. स्फटिकी झिंक हायड्रॉक्साइडच्या ओळखीच्या रेषाही २० अंशांपासून सुरू होतात. ३० पासून सुरुवात केली, तर अशुद्धी नाही असं म्हणण्याचा अधिकारच राहत नाही. पल्ला ५ ते ८० अंश केला. ०.०२ अंशाच्या पायरीला एक सेकंद धरला, तर मोजणी तासाभराच्या थोडी वर जाते. उपकरणावरचा तास मिळवणं अवघड असतं हे मान्य, पण वाचवायचाच असेल तर तो ७० ते ८० मधून वाचवावा.

दुसरा मुद्दा रेषांच्या उंचीचा. यादृच्छिक भुकटीत (१०१) सर्वांत उंच असते आणि (००२) तिच्या सुमारे ४४ टक्के. काचेवर रॉड उभे असतील, तर नेहमीच्या मांडणीत उपकरणाला पृष्ठभागाला समांतर असलेलीच प्रतलं दिसतात, त्यामुळे (००२) कितीतरी वर चढते. ही चढलेली (००२) म्हणजे रॉडांचा पुरावा, असं सर्रास लिहिलं जातं. खरं म्हणजे तो फक्त दिशेचा पुरावा आहे. c अक्ष उभा असलेला सपाट दाणेदार थरही असाच आलेख देतो, आणि बीजथर स्वतः तसा असू शकतो. म्हणून केवळ बीजथर असलेली, वाढ न केलेली काच नियंत्रण म्हणून मोजायची. उलट बाजूने, तळाच्या भुकटीतले रॉड धारकात दाबताना आडवे पडतात आणि (००२) ४४ टक्क्यांच्याही खाली जाऊ शकते. तिथे ‘रॉड नाहीत’ म्हणणंही तितकंच चूक.

काच आणि सिलिकॉन यांत काच निवडली होती, हे एका अर्थी बरं झालं. (१००) सिलिकॉन वेफरची प्रचंड मोठी रेषा ६९.१ अंशांना येते आणि झिंक ऑक्साइडची (२०१) नेमकी तिथेच असते. काचेमुळे वीसतीस अंशांच्या पट्ट्यात एक रुंद फुगवटा येईल, तो अहवालात काचेचा म्हणून लिहायचा.

मसुद्याच्या पुढच्या पानावर, रेषेच्या रुंदीवरून स्फटिकाचा आकार देणाऱ्या शेररच्या सूत्राने ‘नॅनोरॉडचा आकार’ काढण्याचा बेत होता. हा मुद्दा आकडे घालून पाहू. उपकरणाचं स्वतःचं रुंदीकरण ०.१० अंश धरा. (००२) ची मोजलेली रुंदी ०.२५ अंश आली, तर वर्गांच्या वजाबाकीने नमुन्याचा वाटा ०.२३ अंश आणि आकार सुमारे ३६ नॅनोमीटर. हे ठीक आहे. पण चांगल्या वाढलेल्या रॉडांत रुंदी ०.१२ अंशापर्यंत उतरते. मग वाटा ०.०६६ अंश आणि आकार १२५ नॅनोमीटर. रुंदी ०.११ मोजली गेली, तर तोच आकार १८० नॅनोमीटर. मोजणीत एका शतांश अंशाचा फरक आणि उत्तरात निम्म्याइतका. शिवाय (००२) वरून निघणारी लांबी रॉडच्या अक्षाच्या दिशेची असते. मायक्रॉनभर लांब रॉडसाठी हे सूत्र कामाचंच नाही. आम्ही ठेवलेली अट: प्रमाणित सिलिकॉन भुकटीवर उपकरणाची रुंदी त्याच मांडणीत मोजायची, आणि नमुन्याची रुंदी तिच्या दीडपटीपेक्षा कमी आली, तर आकाराचा आकडा द्यायचाच नाही.

सोन्याआधी एक्सआरडी

काच विजेची वाहक नाही, त्यामुळे एसईएमआधी तिच्यावर सोन्याचा पातळ लेप द्यावा लागतो. सोन्याच्या रेषा ३८.२ आणि ४४.४ अंशांना येतात. लेप दिलेलाच तुकडा नंतर एक्सआरडीला गेला, तर या अनोळखी रेषांचा शोध घेण्यात आठवडा जाऊ शकतो. क्रम लिहून टाकला: आधी एक्सआरडी, मग काच कापून एका तुकड्यावर लेप आणि एसईएम, दुसरा तुकडा बिनलेपाचा टीईएमसाठी.

एसईएममध्ये फक्त वरून चित्र घेतलं, तर षटकोनी टोकं दिसतात, लांबी दिसत नाही. ४५ अंश कललेल्या चित्रात उभा रॉड त्याच्या खऱ्या लांबीच्या ०.७१ पट दिसतो. चित्रात ७०० नॅनोमीटर मोजले, तर रॉड ९९० चा आहे, तोही पूर्ण उभा असेल तरच. म्हणून लांबी फक्त मोडलेल्या कडेच्या छेदचित्रावरून आणि व्यास वरच्या चित्रावरून, अशी विभागणी केली. व्यास म्हणजे षटकोनाच्या समोरासमोरच्या कोनांतलं अंतर की बाजूंमधलं? दोन्हींत पंधरा टक्क्यांचा फरक आहे. बाजूंमधलं ठरवलं आणि तसं लिहिलं. जागाही आधी ठरवल्या: मध्यभाग आणि दोन कडांपासून दोन मिलिमीटर आत, मिळून निदान शंभर रॉड. नाहीतर पडद्यावर फिरता फिरता जो कोपरा देखणा दिसतो त्याचंच चित्र अहवालात जातं.

टीईएमचं काम यात एकच: रॉड c अक्षाच्या दिशेने वाढला आहे का. रॉडच्या लांबीला आडव्या जाणाऱ्या रेषांमधलं अंतर ०.२६ नॅनोमीटर आलं आणि त्याच रॉडचं विवर्तनचित्र त्याच्याशी जुळलं, तर हो. खरवडून इथेनॉलमध्ये ध्वनिलहरींनी सुटे केलेले रॉड मोडतात, त्यामुळे इथून लांबी मोजायची नाही. जाळी तांब्याची असते, तेव्हा मूलद्रव्य तपासणीत तांबं दिसलं तर त्याचीही दखल घ्यायची नाही.

सुधारलेल्या विभागातला वाढीचा परिच्छेद शेवटी असा उतरला:

“५० मिलिमोलार झिंक नायट्रेट हेक्साहायड्रेट (०.७४४ ग्रॅम, ५० मिली) व ५० मिलिमोलार एचएमटीए (०.३५० ग्रॅम, ५० मिली) ही आयनविरहित पाण्यातील द्रावणे खोलीच्या तापमानाला मिसळली, मिश्रण स्वच्छ होते व त्यात प्रत्येक घटक २५ मिलिमोलार होता. त्यातील ७० मिली द्रावण १०० मिलीच्या टेफ्लॉन लायनरमध्ये घेतले. बीजथर असलेली काच, थर खाली करून, भिंतीला तिरकी टेकवली. शेजारी बीजथर नसलेली काच त्याच प्रकारे ठेवली. ऑटोक्लेव्ह आधीच ९० °से.ला स्थिर केलेल्या ओव्हनमध्ये ४ तास ठेवला. पाण्यावरील टोपीविरहित चाचणीनुसार द्रव ८५ °से.ला पोचण्यास सुमारे ७५ मिनिटे लागतात. नंतर ऑटोक्लेव्ह बाहेर काढून हवेत थंड केला, काचा पाण्याने धुतल्या व ६० °से.ला वाळवल्या. तळाची भुकटी वेगळी जमा केली.”

सामूची जागा आम्ही गाळली. त्या दिवशी तो मोजलेला नव्हता आणि नंतर केलेल्या द्रावणाचा आकडा या नमुन्याच्या नावावर लिहिता येत नाही. दुसऱ्या खेपेच्या नमुन्यासाठी तो रकाना वहीत छापून घेतला आहे. टीईएमची वेळ मिळाली नाही, तर तो परिच्छेद अहवालातून काढायचा आणि वाढीची दिशा एक्सआरडीवरून ‘सुचवली जाते’ एवढंच म्हणायचं, असं ठरलं.